सपाट सूर, तिरका सूर: आठ ओळींची चिनी कविता कशी बांधतात

अठराव्या शतकातल्या ‘लाल महालाचे स्वप्न’ या चिनी कादंबरीच्या ४८व्या प्रकरणात श्यांगलिंग नावाची मुलगी कविता शिकायची म्हणून लिन दाय्यूच्या मागे लागते. दाय्यूचं म्हणणं असं, की यात एवढं अवघड काय आहे? सुरुवात, पुढची चाल, वळण आणि शेवट हे जमलं पाहिजे, मधल्या ओळींच्या दोन जोड्या एकमेकींसमोर तोलून उभ्या राहिल्या पाहिजेत आणि सपाट सुरासमोर तिरका सूर आला पाहिजे. मग ती श्यांगलिंगला तीन थोर कवींच्या शेकडो कविता वाचायला लावते आणि ‘चंद्र’ हा विषय देऊन लिहायला बसवते. बिचारीचे पहिले दोन प्रयत्न फसतात, तिसरी कविता तिला झोपेत सुचते.

दाय्यूने जे चुटकीसरशी सांगून टाकलं, ते ऐकताना सोपं वाटतं आणि लिहायला बसलं की घाम फोडतं. या प्रकाराला चिनीत ‘ल्यू-शी’ म्हणतात, म्हणजे नियमबद्ध कविता. ओळी आठ, प्रत्येक ओळीत पाच किंवा सात शब्द, आणि प्रत्येक शब्द एकाच अक्षराचा. इथे आपण पाच शब्दांचा प्रकार घेऊ आणि समजून घेता घेता एक साधी कविता बांधूही.

आधी सुरांचं. चिनीत प्रत्येक शब्द ठरावीक सुरातच उच्चारावा लागतो, सूर बदलला की शब्दच बदलतो. आपल्या कवितेत पुढे ‘छ्येन’ हा उच्चार दोनदा येणार आहे. एकदा त्याचा अर्थ ‘हजार’, एकदा ‘उथळ’. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, चिनी कानाला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. जुन्या चिनीत असे चार सूर होते. कवींनी त्यांचे दोनच गट केले. पहिला सूर लांबवता येतो, स्थिर ठेवता येतो, तो सपाट. त्याला ‘पिंग’ म्हणतात. उरलेले तीन या ना त्या तऱ्हेने वळतात किंवा मध्येच तुटतात. त्या तिघांना मिळून ‘जअ’ म्हणजे तिरका असं नाव आहे (हा ज ‘जवळ’मधला). आजच्या बीजिंगच्या बोलीतला पहिला आणि दुसरा सूर साधारण सपाट गटातले, तिसरा आणि चौथा तिरक्या गटातले. ‘साधारण’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागणार आहे.

अक्षरगणवृत्त शाळेत शिकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे लघू आणि गुरू, तिकडे सपाट आणि तिरका. लघू-गुरूचा फरक उच्चाराच्या वेळेचा असतो, सपाट-तिरक्याचा आवाजाच्या चालीचा. पण खरी गंमत पुढे आहे. भुजंगप्रयातात चारही चरण एकाच साच्यातून निघतात. ल्यू-शीमध्ये दुसरी ओळ पहिलीच्या बरोबर उलट असावी लागते.

भारताशी असलेला धागा इथेच संपत नाही. चार सुरांची जाण चिनी कवितेत पहिल्यांदा ठळक झाली ती पाचव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिण चीनमध्ये, शन युए (४४१–५१३) आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून. बौद्ध ग्रंथांचं पठण आणि भाषांतर तेव्हा जोरात होतं. छन यिनख या इतिहासकाराने १९३४ साली असं मांडलं, की वेदपठणातले उदात्त, अनुदात्त आणि स्वरित बौद्ध भिक्षूंमार्फत चिनी कानांवर पडले आणि त्यातून आपल्याच भाषेतले सूर वेगळे काढण्याची दृष्टी आली. पुढे १९९१ मध्ये व्हिक्टर मेअर आणि मेई त्सू-लिन यांनी संस्कृत छंदःशास्त्राच्या बाजूने हाच धागा आणखी ताणला. दोन्ही मतांवर वाद आहेत आणि मला स्वतःला दुसरं अधिक पटतं. कारण सूर ओळखणं ही एक गोष्ट झाली आणि त्यांचे दोनच गट करून साचा बांधणं ही दुसरी, आणि ही दुसरी गोष्ट लघू-गुरूच्या फार जवळची आहे. त्या काळच्या सगळ्यांना हे प्रकरण रुचलं होतं असंही नाही. ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाने दरबाऱ्याला विचारलं, हे चार सूर म्हणजे काय? दरबाऱ्याने चारच शब्दांत सम्राटाच्या शहाणपणाची स्तुती केली, आणि ते चार शब्द ओळीने चार सुरांतले होते. इतकं हुशार उत्तर मिळूनही सम्राटाने सूर काही वापरले नाहीत. साचा पक्का व्हायला आणखी दोनेक शतकं गेली. त्याचं श्रेय परंपरा शन छ्वेनची आणि सोंग जिवन या तांग काळातल्या दोन कवींना देते.

आता साचा. सपाटसाठी ‘स’ आणि तिरक्यासाठी ‘त’ लिहू. पाच शब्दांच्या कवितेत मुळात ओळींचे प्रकार चारच:

त त स स त
स स त त स
स स स त त
त त त स स

हे चार याच क्रमाने दोनदा म्हटले की आठ ओळी झाल्या. (सुरुवात दुसऱ्या प्रकारांनीही करता येते, आपण हीच धरू.) यात दोन नियम दडलेले आहेत. जोडीतल्या दोन ओळी एकमेकींच्या उलट. पहिली आणि दुसरी, तिसरी आणि चौथी ताडून पाहा, पाचही जागा उलटतात. आणि एक जोडी संपून दुसरी सुरू होताना दुसऱ्या जागेवरचा सूर मात्र तोच राहतो. दुसऱ्या ओळीत तिथे ‘स’ आहे, तिसऱ्या ओळीतही ‘स’. याला ‘चिकटणं’ म्हणतात. ते नसतं तर तिसरी ओळ पुन्हा पहिलीसारखी झाली असती आणि आठ ओळी दोनच चालींत फिरत राहिल्या असत्या. यमक दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या ओळीला, सगळीकडे एकच आणि सपाट सुराचं. म्हणूनच साच्यात सम ओळी ‘स’ने संपतात.

आठ ओळींच्या चार जोड्यांना शरीराची नावं आहेत: मस्तक, हनुवटी, मान आणि शेपूट. त्यातल्या हनुवटी आणि मान या जोड्यांमध्ये सुरांबरोबर अर्थही समोरासमोर उभा करावा लागतो. नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद, आकड्यासमोर आकडा. चिनी मुलांना हे लहानपणीच घोटून घेत. गुरुजी एक शब्द टाकायचे, मुलाने त्याचा जोडीदार सांगायचा. सतराव्या शतकातल्या ली यू या लेखकाच्या नावावर याच कामासाठी केलेलं एक पाठांतराचं पुस्तक आहे, आणि ते आजही छापलं जातं.

कविता पहिल्या ओळीपासून लिहायला घ्यायची नसते. मधल्या जोडीतली एखादी ओळ सुचते आणि तिच्याभोवती बाकीचं उभं राहतं. समजा आपल्याला एवढंच सुचलं आहे: पाऊस जातो, एक खिडकी उजळते. चिनीत हे पाच शब्दांत बसतं: यु छ्यु यी छुआंग मिंग. पाऊस, जाणं, एक, खिडकी, उजेड. सूर लावून पाहिले तर त त त स स. शेवट सपाट आहे म्हणजे ओळ सम क्रमांकाची, आणि हा प्रकार साच्यात चौथ्या आणि आठव्या जागीच येतो. दृश्य तर मधल्या जोडीत शोभणारं आहे. मग ही चौथी ओळ. यमकही ठरलं, ‘मिंग’. जुन्या यमककोशात, ज्यात सगळे शब्द १०६ गटांत विभागले आहेत, हा शब्द ‘गंग’ गटात येतो. बाकीची तीन यमकं त्याच गटातून उचलायची.

आता तिसरी ओळ तिची जोडीदार, स स स त त. पावसासमोर आकाशातलीच वस्तू हवी, आणि ती सपाट. बर्फाला ‘शुए’ म्हणतात, पण तो तिरका. ‘युन’ म्हणजे ढग, सपाट, चालतो. जाण्यासमोर येणं: ‘लाय’, सपाट. मग ‘एक’ समोर आकडा हवा, आणि तोही सपाट. इथे चिनी कवीची खरी कोंडी होते. एक ते दहा, शंभर, हजार आणि दहा हजार, या तेरा शब्दांत सपाट सुराचे शब्द दोनच आहेत, ‘सान’ म्हणजे तीन आणि ‘छ्येन’ म्हणजे हजार. चिनी कवितेत हजार डोंगर, हजार मैल, हजार घरं अशी रेलचेल दिसते ती निव्वळ भव्यतेच्या हौसेपोटी नव्हे. बऱ्याचदा साच्याने कवीला दुसरं काही घेऊच दिलेलं नसतं. आपणही हजार घेऊ. खिडकीसमोर काय? डोंगराला ‘शान’ म्हणतात, पण तो सपाट आणि जागा तिरक्याची. डोंगराच्या रांगेला ‘लिंग’ म्हणतात, तो तिरका. उजेडासमोर काळोख: ‘आन’, तिरका. झाली ओळ:

युन लाय छ्येन लिंग आन
यु छ्यु यी छुआंग मिंग

ढग येतो, हजार रांगा काळोखतात. पाऊस जातो, एक खिडकी उजळते. पहिली ओळ सगळं क्षितिज व्यापते, दुसरी एका चौकटीवर येऊन थांबते. जोडी अशी असावी. नवशिक्याची जोडी बहुधा वेगळ्याच खड्ड्यात पडते: ढग येतो, रांगा काळोखतात. धुकं उतरतं, शिखरं अंधारतात. शब्दाला शब्द चोख, सूरही बरोबर, पण दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात. चिनी समीक्षक या दोषाला ‘जोडलेले तळवे’ म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. दुसरी ओळ झाकून ठेवा. कवितेतून काहीच हरवलं नाही, तर तळवे जोडले गेलेत.

आता ‘यी’कडे परत जाऊ, कारण त्यात एक सापळा आहे. बीजिंगच्या बोलीत ‘यी’ पहिल्या सुरात उच्चारतात, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने सपाट. मग मी त्याला तिरका कसा म्हटलं? जुन्या चार सुरांपैकी चौथा सूर तुटक होता. त्यातले शब्द प्, त् किंवा क् वर झटकन संपत. उत्तरेकडच्या बोलीत हे शेवट गळून पडले. १३२४ मध्ये जोउ दछिंगने तयार केलेल्या यमककोशात तो सूर स्वतंत्र उरलेलाच नाही. त्यातले शब्द विखुरले आणि काही थेट सपाट गटात जाऊन बसले. ‘यी’ त्यांपैकीच. पण तांग काळात तो तुटक होता, म्हणून तिरका. पुरावा दक्षिणेत सापडतो. हाँगकाँगच्या कँटोनी बोलीत एकाला आजही ‘यात्’ म्हणतात, शेवटचा त् शाबूत आहे. जपान्यांनी हा शब्द उसना नेला तेव्हा त्या त् ला स्वर जोडला. त्यांच्या ‘इची’मधला ‘ची’ हा त्याचाच अवशेष. त्यामुळे कँटोनी बोलणाऱ्या माणसाला जुन्या कवितेचे सूर कानानेच कळतात, बीजिंगच्या माणसाला यादी पाठ करावी लागते किंवा कोश उघडावा लागतो. २०१९ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने आजच्या उच्चारांवर बेतलेला नवा यमककोश प्रायोगिक म्हणून आणला. आजच्या सुरांनी लिहायलाही हरकत नाही. एका कवितेत दोन हिशेब मिसळायचे नाहीत, एवढंच पथ्य.

हा सापळा आपल्याच ओळीत कसा चावतो ते बघा. आजच्या उच्चाराने वाचणाऱ्याला चौथी ओळ त त स स स अशी दिसेल. ओळीच्या शेवटी सलग तीन सपाट शब्द येणं हा मोठा दोष मानतात, तेव्हा तो म्हणेल, ओळ चुकली. प्रत्यक्षात ती चोख आहे. उलट कुणी ‘एक खिडकी’च्या जागी ‘एकाकी खिडकी’ केली, म्हणजे ‘यी’ काढून ‘गू’ घातला, तर कानाला जास्त काव्यमय वाटेल आणि दोष खरोखरच घडेल, कारण ‘गू’ जुन्या हिशेबातही सपाट आहे. शिवाय हजारासमोरचा आकडाही जाईल.

पाचव्या-सहाव्या ओळींच्या जोडीत वाक्याची घडण बदलायला हवी. पुन्हा ‘अमुक येतं, तमुक होतं’ केलं तर चार ओळी एकाच तालात लेफ्ट-राइट करू लागतात. आधीच्या जोडीत निसर्ग होता, आता माणूस आणू, आणि क्रियापदं दोन ठेवू:

जू श्वेय वन वा जिन
खाय मन ज्येन युए छिंग

पाणी उकळतो, ऐकू येतात बेडूक जवळ. दार उघडतो, दिसतो चंद्र स्वच्छ. ऐकण्यासमोर पाहणं, बेडकासमोर चंद्र, जवळच्यासमोर स्वच्छ. पाण्यासमोर दार ही जोडी जरा सैल आहे, पण इतकं चालतं.

‘दार उघडतो’ ऐवजी ‘दाराबाहेर येतो’ हे अधिक सहज झालं असतं. त्यासाठी पहिला शब्द ‘खाय’ काढून ‘छू’ घालावा लागेल, आणि इथे साच्यातला सगळ्यात बदनाम दोष उभा राहतो. सर्वसाधारणपणे पहिल्या आणि तिसऱ्या जागी कवीला मोकळीक असते, कडक राखण दुसऱ्या आणि चौथ्या जागेची. पण स स त त स या ओळीत पहिला ‘स’ गेला की उरतं त स त त स. यमकाचा शब्द सोडला तर मधला सपाट शब्द एकटा पडतो. या दोषाचं नावच ‘एकाकी सपाट’. ‘छू’ आज सपाट ऐकू येतो, पण तोही जुना तुटक शब्द आहे, म्हणून तिरका. तरीही बाहेर यायचंच असेल तर तोड आहे. तिसऱ्या जागी तिरक्याऐवजी सपाट शब्द ठेवायचा. ‘ज्येन’ म्हणजे दिसणं, ते तिरकं. त्याच्याऐवजी ‘खान’ म्हणजे पाहणं. हा शब्द जुन्या कवितेत सपाट सुरातही म्हणता येतो. ‘छू मन खान युए छिंग’, त स स त स. एकाकी शब्दाला शेजारी मिळाला. या दुरुस्तीला ‘वाचवणं’ म्हणतात आणि तांग कवी ती सर्रास करत. आपण मात्र ‘खाय’च ठेवू, साच्यातली शुद्ध ओळ डोळ्यांसमोर राहील.

मस्तक आणि शेपटात अर्थाच्या जोडीची सक्ती नाही, आणि शेपटात ती न केलेलीच बरी. दोन जोड्या तोलून झाल्यावर वाक्य मोकळं सुटावंसं वाटतं. सातव्या ओळीत म्हणून प्रश्न घालू. सुरुवातीला संध्याकाळ आणि जागा सांगू. पूर्ण कविता अशी:

मू स छा शान युआन
शी छ्याओ शाओ ख शिंग
युन लाय छ्येन लिंग आन
यु छ्यु यी छुआंग मिंग
जू श्वेय वन वा जिन
खाय मन ज्येन युए छिंग
शेय थोंग फन बान जान
मंग छ्येन श्याओ जोंग जिंग

सांजेचा रंग, चहाचा डोंगर दूर.
ओढ्याच्या पुलावरून तुरळक पाहुणे जातात.
ढग येतो, हजार रांगा काळोखतात.
पाऊस जातो, एक खिडकी उजळते.
पाणी उकळतो, ऐकू येतात बेडूक जवळ.
दार उघडतो, दिसतो चंद्र स्वच्छ.
अर्धा पेला कुणाबरोबर वाटून घेऊ?
स्वप्न उथळ, पहाटेच्या घंटेने दचकतो.

मराठीत ‘जातात’, ‘उकळतो’, ‘दचकतो’ असं लिहावं लागलं. चिनीत ना काळ आहे, ना मी-तू. पाणी कोण उकळतंय, कुणाची वाट पाहिली जातेय, हे मूळ शब्द सांगत नाहीत. चाळीस शब्दांत इतकं मावतं ते त्यामुळेच. तपासणीही याच चाळीस शब्दांवर करायची. एकही शब्द दोनदा आलेला नाही, हेही बघायचं असतं. आधी चौथ्या ओळीतल्या पावसामुळे पहिल्या ओळीत पाऊस घालता आला नाही, म्हणून तिथे ‘सांजेचा रंग’ आला. पहिल्या ओळीचा शेवट ‘जिंग’ म्हणजे ‘शांत’ असा करण्याचाही मोह होतो. पण बिनयमकाची ओळ यमकासारखीच वाजली की पुढच्या खऱ्या यमकाची धार जाते, म्हणून ‘दूर’. दोन ‘छ्येन’ मात्र बिनधास्त राहू शकतात. तिसऱ्या ओळीतला हजार सपाट आहे, आठव्यातला उथळ तिरका, आणि लिपीत त्यांची चित्रं पूर्ण वेगळी आहेत.

आपली कविता नियमाने निर्दोष आहे आणि तरी बेताचीच आहे, हे सांगायला समीक्षक नको. उलट बाजूला तांग कवी छुई हाओची ‘पीत करकोच्याचा मनोरा’ ही सात शब्दांच्या ओळींची कविता ठेवून पाहावी. तिच्या तिसऱ्या ओळीत सलग सहा शब्द तिरके आहेत. चौथ्या ओळीच्या शेवटी सलग तीन सपाट, म्हणजे मघाशी आपण ‘गू’ घालून टाळला तोच दोष. हनुवटीची जोडीही सैल. सोंग काळातला यान यू हा नियमांचा मोठा जाणकार, पण तांग काळातल्या सात शब्दांच्या ल्यू-शींमध्ये त्याने पहिला मान याच कवितेला दिला. पहिल्या चार ओळींत उधळलेला छुई हाओ पाचव्या ओळीपासून मात्र साच्यात परत येतो आणि शेवटपर्यंत एकही सूर चुकवत नाही.